मंगळवारी तीनच लीड्स आल्या, मग कॅम्पेन बिघडलं का?

घोडबंदर रोडवर मॉड्युलर किचनचं एक शोरूम आहे. त्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती मी सांभाळते. एका मंगळवारी रात्री साडेनऊला मालकांचा फोन आला. "ताई, रविवारी चौदा लीड्स होत्या, आज तीन. एक लीड आठशेला पडली. जाहिरात बदलायची का?"

दिवसाचं बजेट २,४०० रुपये. एरवी फॉर्म किंवा व्हॉट्सॲपवरून सरासरी ८ चौकश्या, म्हणजेच लीड्स, येतात. एक लीड ३०० रुपयांना पडते. तीन आल्या की भागाकार ८०० दाखवतो. आकडा खरा होता आणि काळजीही खरी होती. तरी मी म्हटलं, "दादा, आज काहीच बदलायचं नाही." हे धीर देण्यासाठी म्हटलं नव्हतं. तसं का म्हणता आलं आणि दुसऱ्या एका वेळी, कोणाचाही फोन आलेला नसताना, कॅम्पेनमध्ये खरा बिघाड आहे हे कसं कळलं, ते इथे पायरी-पायरीने लिहिते. दिवसाला ५ ते २० चौकश्या येणाऱ्या कोणत्याही छोट्या धंद्याला ही रीत चालते. दिवसाला हजारो ऑर्डर्स येणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

आधी वही नीट हवी

जाहिरातीच्या डॅशबोर्डवरचे रोजचे आकडे थेट वापरू नका. मेटा असो वा गूगल, लोक जाहिरात पाहतात एका दिवशी आणि फॉर्म भरतात कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी. तो फॉर्म गूगलच्या डॅशबोर्डवर सहसा मागच्या तारखेला, म्हणजे जाहिरातीवर क्लिक झालं त्या दिवसाच्या खात्यात जमा होतो, मेटावरही असं होऊ शकतं. त्यामुळे कालचा दिवस आज बघितला तर बऱ्याचदा थोडा उपाशी दिसतो आणि पुढच्या आठवड्यात बघितला तर भरलेला. शेवटचे दोन-तीन दिवस सतत पडलेले दिसतात, ते बऱ्याचदा यामुळेच. तुमच्या खात्यात हे किती होतं ते तपासायचं असेल तर एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी तोच दिवस परत उघडा.

यावर सरळ उपाय म्हणजे स्वतःची शीट. त्यात फॉर्म किंवा व्हॉट्सॲप ज्या तारखेला आपल्याकडे आला तीच तारीख लिहायची. एकाच नंबरवरून दोनदा आलेला फॉर्म एकच धरायचा. दिवस कधी संपतो ते ठरवून टाकायचं. आम्ही रात्री बारा धरतो आणि आदल्या दिवसाचा आकडा सकाळी भरतो. संध्याकाळी सहाला अर्ध्या दिवसाचा आकडा बघून कोणी काही ठरवायचं नाही, कारण स्वयंपाकघराच्या चौकश्या रात्री जेवणं झाल्यावरच जास्त येतात.

लीड्सशेजारी त्या दिवशीचे क्लिक्स आणि खर्चही लिहा. क्लिक्सचा उपयोग पुढे होईल.

मंगळवारची तुलना मंगळवाराशीच

मालकांनी रविवारचा आकडा मंगळवारी समोर ठेवला, ही पहिली गफलत. ज्या घरात नवरा-बायको दोघंही सकाळी आठची लोकल पकडतात, ती माणसं ट्रॉली, चिमणी, ग्रॅनाइटचा ओटा यांचा विचार शनिवार-रविवारी एकत्र बसूनच करतात. क्लासचं उलट असतं, तिथे रविवार थंड असू शकतो. प्रत्येक धंद्याचा आठवड्याचा आकार निराळा असतो आणि तो अंदाजाने नव्हे, स्वतःच्या शीटवरून काढायचा असतो.

त्यासाठी ८ आठवड्यांचे, म्हणजे ५६ दिवसांचे आकडे घ्या. हे दिवस साधे असावेत. मोठा सण, बजेटमधला बदल किंवा वेबसाइट बंद पडलेले दिवस त्यात नकोत. मग आठ सोमवारांची सरासरी, आठ मंगळवारांची सरासरी, अशा सात सरासऱ्या काढा. या शोरूमच्या अशा निघाल्या: सोमवार ७, मंगळवार ६, बुधवार ६, गुरुवार ६, शुक्रवार ७, शनिवार ११ आणि रविवार १३. आठवड्याची बेरीज ५६.

म्हणजे मंगळवारी ८ ची अपेक्षाच चुकीची होती. मंगळवारची अपेक्षा ६ आहे. चौदावरून तीन अशी जी घसरण फोनवर ऐकू आली, तिचा मोठा भाग फक्त वार बदलल्याचा होता.

ज्यांच्याकडे दिवसाला एक-दोनच चौकश्या येतात, त्यांनी सात वेगळ्या सरासऱ्या काढू नयेत. आठ मंगळवारांत मिळून दहा-बारा लीड्स असतील तर ती सरासरी स्वतःच डळमळीत असते. त्यांनी सोमवार ते शुक्रवार एक गट आणि शनिवार-रविवार दुसरा गट धरावा.

वर्गमूळाचा पट्टा

आता उरला प्रश्न सहाच्या जागी तीनचा. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं आपापल्या मनाने फॉर्म भरतात, तेव्हा काहीही बदललेलं नसतानाही रोजचा आकडा सरासरीच्या वर-खाली होतो. किती होतो याचा एक सोपा आणि भरवशाचा अंदाज आहे. सरासरीचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा आणि ती सरासरीत मिळवा व सरासरीतून वजा करा. साधारण वीसपैकी एकोणीस दिवस या पट्ट्यात बसतात. संख्याशास्त्रात या वितरणाला पॉयसाँ हे फ्रेंच गणितज्ञाचं नाव आहे.

मंगळवारची सरासरी ६, वर्गमूळ साधारण २.४५, दुप्पट ४.९. पट्टा झाला १ ते ११. तीन त्यात आरामात बसतात. नेमकं गणित मांडलं तर सरासरी ६ असताना तीन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता १५ टक्के निघते. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही सहा-सात मंगळवारांमध्ये एक मंगळवार असा येणारच. मालकांना मी हेच सांगितलं की असा मंगळवार दर दोन महिन्यांत एकदा तरी दिसेल, तो आज दिसला.

या पट्ट्याचा आकार नीट बघा, कारण लहान आकड्यांची सगळी अडचण त्यातच आहे. सरासरी ६ असताना पट्टा जवळजवळ ८० टक्के खाली आणि तेवढाच वर जातो. सरासरी १०० असती तर वर्गमूळ १०, पट्टा ८० ते १२०, म्हणजे फक्त २० टक्के. म्हणून मोठ्या कंपनीत "कालच्यापेक्षा ३० टक्के कमी" ही बातमी असते आणि आपल्या शोरूममध्ये ती साधी गोष्ट असते. टक्केवारी दोन्हीकडे सारखीच भीतीदायक दिसते. मी मालकांना टक्केवारी पाठवणं बंद केलं आहे. आता "अपेक्षा ६, पट्टा १ ते ११, आले ३" एवढंच पाठवते.

एका लीडचा खर्च हाही याच आकड्याचा आरसा आहे. खर्च रोज जवळपास तोच असतो, त्यामुळे भागाकारातली सगळी उडी भाजकातून, म्हणजे लीड्समधून येते. ८०० रुपये ही वेगळी वाईट बातमी नाही, तीन लीड्सचीच बातमी दुसऱ्यांदा सांगितलेली आहे. शिवाय गूगलवर जाहिरात करत असाल तर ते एखाद्या दिवशी ठरवलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतात आणि महिन्याचा हिशेब नंतर जुळवतात. तिथे एका दिवसाचा दर बघण्यात अजिबात अर्थ नाही.

शीटमध्ये हे असं बसवा. A मध्ये तारीख, B मध्ये वार, C मध्ये लीड्स. पहिले ५६ दिवस दुसऱ्या ओळीपासून सत्तावन्नाव्या ओळीपर्यंत आहेत असं धरलं आहे.

```
B2:  =WEEKDAY(A2,2)
D58: =AVERAGEIFS($C$2:$C$57,$B$2:$B$57,B58)
E58: =MAX(0,D58-2*SQRT(D58))
F58: =D58+2*SQRT(D58)
G58: =C58-D58
```

B चं सूत्र दुसऱ्या ओळीपासून खाली ओढा, बाकीची अठ्ठावन्नाव्या ओळीपासून. D म्हणजे अपेक्षा, E आणि F म्हणजे पट्ट्याची दोन टोकं, G म्हणजे अपेक्षेपासूनचा फरक.

पट्टा तुमच्या धंद्याला लागू पडतो का, याची एक चाचणी आधी करून घ्या. D, E, F ची सूत्रं वर दुसऱ्या ओळीपर्यंतही ओढा आणि जुन्या ५६ दिवसांपैकी किती दिवस पट्ट्याबाहेर पडले ते मोजा. दोन-तीन पडले असतील तर ठीक. आठ-दहा पडले असतील तर तुमच्याकडे माणसं एकेकटी येत नाहीत, घोळक्याने येतात. एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची लिंक फिरली की एकाच संध्याकाळी पाच फॉर्म येतात, तसं. अशा वेळी दुपटीऐवजी तिप्पट वर्गमूळ घ्या आणि पुन्हा मोजून बघा.

पट्ट्याच्या आत लपलेला बिघाड

इथवरचं वाचून कोणाला वाटेल की पट्ट्याच्या आत असलं की झोपायला मोकळे. तसं नाही, आणि माझ्या मते हा भाग सगळ्यात जपून समजून घेण्याचा आहे. लहान आकड्यांचा पट्टा इतका रुंद असतो की लीड्स एक-तृतीयांशाने घटल्या तरी एकेक दिवस त्यातच बसत राहतो.

त्या मंगळवारनंतर महिन्याभराने तेच झालं. एका गुरुवारपासून शीटमध्ये आकडे असे पडत गेले. गुरुवारी ४, शुक्रवारी ५, शनिवारी ८, रविवारी ९, सोमवारी ४, मंगळवारी ४, बुधवारी ३ आणि पुढच्या गुरुवारी ५. यातला एकही दिवस आपल्या पट्ट्याबाहेर नाही. रविवारचे ९ तर फोनवर चांगलेच वाटले असते. मालकांचा एकदाही फोन आला नाही.

पण G च्या रकान्यात सलग आठ दिवस वजाचं चिन्ह होतं. सगळं सुरळीत असेल तर एखादा दिवस अपेक्षेच्या खाली असणं हे नाणं उडवून काटा पडण्यासारखं आहे. सलग आठ वेळा काटा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणून माझा नियम असा आहे की सलग आठ दिवस एकाच बाजूला गेले की थांबून बघायचं.

या नियमाची मर्यादाही सांगते. आपण हे नाणं वर्षभर रोज उडवतो आहोत. ३६५ दिवसांत अशी सलग आठची रांग, वर किंवा खाली, एखाद-दुसऱ्या वेळी नुसत्या योगायोगानेही येते. त्यामुळे रांग दिसली की लगेच कॅम्पेनला हात लावायचा नाही, दुसरी चाचणी लावायची. ती बेरजेची.

आठही दिवसांच्या अपेक्षा मिळवा: ६ + ७ + ११ + १३ + ७ + ६ + ६ + ६ = ६२. प्रत्यक्षात आलेल्या मिळवा: ४२. आता वर्गमूळ बेरजेचं घ्या. ६२ चं वर्गमूळ ७.९, दुप्पट साधारण १६. पट्टा ४६ ते ७८. बेचाळीस त्याच्या बाहेर आहेत. एकेका दिवसात न दिसणारी घट बेरजेत उघडी पडली, कारण आकडा मोठा झाला की पट्टा त्या मानाने अरुंद होतो.

बेरजेत एक पथ्य पाळा. अपेक्षा वारानुसार मिळवल्या असतील तर कितीही दिवसांची बेरीज चालते. पण वारांच्या सरासऱ्या काढलेल्या नसतील आणि नुसते दोन काळ समोरासमोर ठेवायचे असतील, तर सात, चौदा, अठ्ठावीस असेच दिवस घ्या. डॅशबोर्डवर "मागचे ३ दिवस" आणि त्याआधीचे ३ दिवस अशी तुलना फार सोयीची दिसते. सोमवार-मंगळवार-बुधवारची तुलना शुक्रवार-शनिवार-रविवारशी केली तर आमच्या शोरूममध्ये १९ विरुद्ध ३१ असं दर आठवड्याला निघेल.

दोन नुसते काळ तुलनेला घेतले तर दोन्हींमध्ये चढउतार असतो, हेही लक्षात ठेवा. तेव्हा दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा. मागच्या आठवड्यात ६३ आणि या आठवड्यात ४७ आल्या तर फरक १६. दोघांची बेरीज ११०, वर्गमूळ साधारण १०.५, दुप्पट २१. सोळा एकवीसपेक्षा कमी आहेत, तेव्हा अजून काही म्हणता येत नाही. हेच प्रमाण दोन-दोन आठवडे टिकलं, म्हणजे १२६ विरुद्ध ९४ झाले, तर फरक ३२ आणि दुप्पट वर्गमूळ ३० च्या आसपास. तेव्हा बदल खरा धरायला हरकत नाही. टक्केवारी दोन्ही वेळी सारखीच, सुमारे २५ टक्के. वाट बघितल्याने पुरावा वाढला.

काही जण यासाठी सात दिवसांची सरकती सरासरी काढतात. आठवड्याचा चढउतार तिने छान सपाट होतो. पण तिच्यात एक खोच आहे. एखाद्या रविवारी २२ लीड्स आल्या तर ती रेघ सात दिवस उंच राहते आणि पुढच्या रविवारी धाडकन खाली येते. त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं, जुना रविवार मोजणीतून बाहेर गेलेला असतो. सरकत्या सरासरीने उडी मारली तर आत आलेला दिवस बघण्याआधी बाहेर गेलेला दिवस बघा.

बिघाड कुठे आहे ते क्लिक्स सांगतात

लीड्स कमी झाल्या एवढं कळलं. पण जाहिरात थकली, की लोकांचा उत्साह ओसरला, की वेबसाइटवर काही झालं? इथे क्लिक्सचा रकाना उपयोगी पडतो, कारण क्लिक्स लीड्सच्या वीसपट असतात. आमच्याकडे दिवसाला सुमारे १६० क्लिक्स आणि त्यातून ८ लीड्स, म्हणजे शंभरातले पाच फॉर्म भरतात. आठ दिवसांचे अपेक्षित क्लिक्स १,२८०. त्याचं वर्गमूळ ३६, म्हणजे पट्टा अगदी अरुंद, १,२०८ ते १,३५२. आले होते १,२५१.

जाहिरात थकली असती किंवा मागणी घटली असती, तर एवढ्या पैशांत क्लिक्स घटलेले दिसले असते. ते जागेवर होते. लोक येत होते आणि फॉर्म न भरता जात होते. शंभरातले पाच होते ते साडेतीनच्या खाली आले होते. म्हणजे शोध वेबसाइटच्या पानावर घ्यायचा.

मग प्रश्न एकच उरला, त्या गुरुवारी पानावर काय बदललं? वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला विचारल्यावर कळलं की बुधवारी रात्री त्याने सणाच्या ऑफरची पट्टी पानाच्या तळाशी लावली होती. मी माझ्या मोठ्या फोनवर पान उघडलं, सगळं ठीक. मालकांच्या वडिलांच्या जुन्या, छोट्या फोनवर उघडलं तर ती पट्टी "चौकशी करा" या बटणावर बसलेली. ज्यांचे फोन मोठे त्यांना बटण दिसत होतं, म्हणूनच लीड्स शून्यावर आल्या नाहीत. पूर्ण बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अर्धवट बिघाड असा दिवसांच्या चढउतारात मुरतो, म्हणून आम्ही आता पानावर काही बदललं की शीटमध्ये त्या तारखेसमोर एका ओळीत लिहितो. जाहिरातीतला बदल, बजेटमधला बदल, शोरूम बंद असलेला दिवस, सगळं त्याच रकान्यात. बिघाडाचा शोध घेताना मला सगळ्यात जास्त वेळ हाच रकाना वाचवून देतो.

खरा बदल, पण जाहिरातीचा नव्हे

कधी बेरीज पट्ट्याबाहेर जाते आणि तरीही कॅम्पेनमध्ये दोष नसतो. गणेशोत्सवात ठाण्यातल्या घराघरांत पाहुणे असतात, त्यानंतर पितृपक्षात अनेक घरं मोठी खरेदी टाळतात आणि नवरात्रापासून चौकश्या पुन्हा वर जातात. किचनच्या धंद्यात हे स्पष्ट दिसतं. हा चढउतार योगायोगाचा नाही, तो खरा आहे, पण त्यावर जाहिरात बदलणं हा उपाय नाही.

इथे मागच्या वर्षाशी तुलना करताना इंग्रजी महिना धरू नका. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर एका वर्षीचा पितृपक्ष दुसऱ्या वर्षीच्या गणपतीसमोर येतो. आम्ही चतुर्थीपासून किती दिवस झाले ते मोजून दोन वर्षं एकाखाली एक ठेवतो. पहिलंच वर्ष असेल तर तेवढे आठवडे सरासरीतून बाजूला काढा आणि त्यांवरून काही निष्कर्ष काढू नका.

प्रत्यक्ष शोरूमला येणाऱ्यांची मोजणी करत असाल तर रविवारचा मेगाब्लॉकही त्याच रकान्यात लिहा. फॉर्म घरबसल्या भरता येतो, पण कळव्या-डोंबिवलीहून निघालेलं कुटुंब त्या दिवशी बेत पुढे ढकलतं.

नवीन जाहिरात कधी बंद करायची

नवीन जाहिरात टाकली की दुसऱ्या दिवशी मालकांचा प्रश्न असतो, "चाळीस क्लिक्स झाले, एकही लीड नाही. बंद करू?" शून्यासाठी वर्गमूळ चालत नाही. त्याला तिनाचा नियम आहे. जितक्या क्लिक्सवर शून्य आलं, त्या संख्येने ३ ला भागा. चाळीस क्लिक्सवर शून्य म्हणजे ३ भागिले ४०, साडेसात टक्के. म्हणजे या जाहिरातीचा खरा दर साडेसात टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच आत्ता म्हणता येतं. आपला नेहमीचा दर ५ टक्के. तेव्हा ती नेहमीइतकी चांगली असण्याची शक्यता अजून शाबूत आहे.

साठ क्लिक्सवरही शून्यच राहिलं तर ३ भागिले ६० म्हणजे बरोबर ५ टक्के. तिथे मी बंद करते. आमचा एक क्लिक १५ रुपयांना पडतो, म्हणजे एका नवीन जाहिरातीची परीक्षा ९०० रुपयांची. ही रक्कम जाहिरात सुरू करण्याआधीच मालकांना सांगून ठेवते, म्हणजे चाळीसाव्या क्लिकला वाद होत नाही.

एकाच वेळी दहा-बारा जाहिराती चालवल्या तर हे सगळं गणित सैल पडतं. प्रत्येकीला योगायोगाने चमकण्याची किंवा पडण्याची संधी रोज मिळते, त्यामुळे कोणती तरी एक रोज "जिंकलेली" दिसतेच. तिला सगळं बजेट दिलं की पुढच्या आठवड्यात ती साधारण निघते. तिचं काही बिघडलेलं नसतं, मुळात ती निम्मी नशिबाने वर आलेली असते. छोट्या बजेटला दोन, फार तर तीन जाहिराती पुरेत.

आकड्यांना घाबरून सारखे बदल करण्याचा एक थेट तोटाही आहे. मेटाच्या यंत्रणेला एका ॲड सेटमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या एका गटात, आठवड्याला साधारण ५० निकाल मिळाले की ती शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडते, आणि मोठा बदल केला की तो टप्पा पुन्हा सुरू होतो. आमच्या ५६ लीड्स एका ॲड सेटमध्ये जेमतेम पुरतात. त्या मंगळवारी त्या एकाऐवजी दोन नवे ॲड सेट उघडले असते तर प्रत्येकाला २८ च मिळाल्या असत्या आणि नसलेला बिघाड आम्हीच तयार केला असता.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवलं

शुक्रवारी सकाळी ती पट्टी बटणावरून हलवली. शनिवारी १४ लीड्स आल्या आणि मालकांनी आनंदाने फोन केला. पण शनिवारचा पट्टा ४ ते १८ असतो, तेव्हा त्या चौदांवर विसंबणं म्हणजे मंगळवारच्या तिनांवर विसंबण्यासारखंच होतं.

त्यांना मी आधीच दोन पट्टे लिहून पाठवले होते. पुढचे सात दिवस मोजायचे. दुरुस्ती लागू पडली असेल तर अपेक्षा ५६, पट्टा ४१ ते ७१. लागू पडली नसेल तर बिघाडाच्या काळातल्या प्रमाणाने, म्हणजे ६२ ला ४२ या हिशेबाने, ३८ याव्यात, पट्टा २६ ते ५०. बेरीज ५० च्या वर गेली तर प्रश्न मिटला. ४१ च्या खाली राहिली तर पानावर आणखी काही शोधायचं. ४१ ते ५० च्या मध्ये पडली तर आणखी एक आठवडा थांबायचं, कारण तिथे दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात.

पुढच्या गुरुवारी रात्री बेरीज झाली ५४. शीटमध्ये त्या आठ बिघाडाच्या दिवसांना वेगळा रंग दिला, ते पुढच्या सरासऱ्यांतून वगळले, आणि शुक्रवारपासून G चा रकाना पुन्हा नेहमीसारखा वर-खाली होऊ लागला.